पाहुण्यांचं वायफाय

त्याला सगळे टेस्टर म्हणत. शर्टाच्या खिशाला पेन लावावं तसा टेस्टर लावून तो लग्नकार्यालासुद्धा जायचा, त्यावरून पडलेलं नाव. वायरिंगच्या कामात एकतीस वर्षं गेली होती. कुणाच्या घरात कुठल्या भिंतीतून कुठली वायर गेलीय हे त्याला घरमालकापेक्षा जास्त ठाऊक. भिंतीवर बोट ठेवून "इथे खिळा मारू नका" असं तो सांगायचा, आणि माणसं मुकाट ऐकायची. हे मुकाट ऐकणं त्याला फार आवडायचं. ते त्याने कधी कबूल केलं नाही, पण त्याच्या बायकोला माहीत होतं.

जीभही चुरचुरीत. काम करता करता विनोद चालूच. गिऱ्हाईक हसलं की त्याचा हात जास्त चांगला चालायचा.

फक्त एका घरात तो अजूनही जरा अंग चोरून शिरायचा. ते त्याच्या शाळेतल्या भूगोलाच्या बाईंचं. नकाशात नद्या उलट्या वाहवल्याबद्दल त्याला वर्गाबाहेर उभं करणाऱ्या ह्या बाई आता ऐंशीला टेकल्या होत्या. खुबा मोडून झाला होता, हात थरथरत होते. मुलगा दूरगावी, नोकरीत अडकलेला. दिवसभर सांभाळायला एक ताई यायच्या. पंचेचाळिशीतली, कमी बोलणारी बाई. औषधं, अंघोळ, स्वयंपाक, बाईंना धरून चालवणं, सगळं त्यांच्याकडे. संध्याकाळी त्या घरी गेल्या की बाई एकट्या.

अडचण पलंगाजवळच्या दिव्याची होती. बटण दाराशी. अंधारात उठून तिथवर जाताना बाई दोनदा भेलकांडल्या होत्या. म्हणून मुलाने एक बोलका स्पीकर आणि एक स्मार्ट बल्ब पाठवला. स्पीकर आधी आला. तो मुलाने व्हिडिओ कॉलवर एकेक पायरी सांगत ताईंकडून चालू करून घेतला. बाई त्याला वेळ विचारायच्या, तो सांगायचा. आठवड्याने बल्ब आला. तो चढवायचा म्हणजे टेबलावर चढणं आलं, म्हणून बाईंनी टेस्टरला बोलावलं.

"तुला येईल ना रे हे नवं?" बाईंनी विचारलं.

"बाई, बल्ब तो बल्बच. जरा शहाणा झाला म्हणून काय झालं?"

बाई हसल्या. टेस्टर खुशीत टेबलावर चढला.

बल्ब बसला, लागला. पुढे बाईंच्या फोनवरच्या ॲपमधून त्याला घरच्या वायफायवर घ्यायचं होतं. असे चार-पाच बल्ब त्याने याआधी लावले होते, पण तिथे ॲपचं काम घरच्या पोरींनीच केलं होतं. तो नुसता शेजारी उभा राहून मान हलवत होता. हे अर्थात त्याने बाईंना सांगितलं नाही.

ॲपने लगेच नकारघंटा वाजवली. फोन ज्या नेटवर्कवर आहे ते ह्या बल्बला चालत नाही, दुसरं निवडा. टेस्टरने यादी उघडली. घरात एकाच राउटरची तीन नावं होती. 'बाई', 'बाई ५जी' आणि 'बाई पाहुणे'. फोन ५जीवर होता. 'बाई'वर बोट ठेवलं तर पासवर्ड मागितला. 'पाहुणे'चा पासवर्ड मात्र त्याला पाठ होता, एक ते आठ आकडे. इथे कामाला आला की त्याचा स्वतःचा फोन त्यावरच असायचा. त्याने बाईंचा फोन 'पाहुणे'वर टाकला.

दाराशी ताई उभ्या होत्या. ओले हात पदराला पुसत म्हणाल्या, "दादा, पाहुण्यांच्या नावावर नका घेऊ. इंटरनेटवाला सांगून गेलाय. त्यावर घरातल्या वस्तू एकमेकींना दिसत नाहीत म्हणे. 'बाई'चा पासवर्ड मी वहीत लिहून ठेवलाय, आणू का?"

टेस्टरने मानही वळवली नाही.

"ताई, वायफायला पाहुणा कोण आणि यजमान कोण ते कळत नाही. ते काय पाय धुवायला पाणी देतंय का?"

बाई खळखळून हसल्या. ताईही ओठांत हसल्यासारख्या झाल्या आणि आत गेल्या. टेस्टरला आपला विनोद चांगलाच जमल्यासारखा वाटला.

बटण तीनदा बंद-चालू केल्यावर बल्ब भराभर मिचकायला लागला. म्हणजे तो जोडून घ्यायला तयार होता. ॲपवर गोल फिरू लागलं. बल्बने मिचकणं थांबवलं, स्थिर झाला. आता होणार, असं टेस्टर म्हणतोय तोवर पडद्यावर अक्षरं आली. नेटवर्कवर उपकरण सापडलं नाही.

पुन्हा तीनदा बंद-चालू. पुन्हा मिचकणं, पुन्हा गोल, पुन्हा तेच. त्याने ॲप काढून परत टाकलं. राउटर बंद करून चालू केला. पाच वेळा, सात वेळा. मधे त्याला दिसलं, की एवढे दिवस ॲपमध्ये दिसणारा स्पीकरसुद्धा आता 'सापडत नाही' म्हणून करडा झालाय. खरं तर तिथेच त्याला शंका यायला हवी होती. कारण टेबलावरचा स्पीकर बाईंनी विचारलं की वेळ ठणठणीत सांगत होता. म्हणजे स्पीकर धड होता, इंटरनेट धड होतं. बिघाड होता तो फोनने निवडलेल्या जागेत. पण टेस्टरच्या कपाळावर घाम आला होता आणि बाई पलंगावरून टक लावून बघत होत्या. वर्गात फळ्यासमोर उभं केल्यावर बघायच्या, तशाच.

"नाही जमत का रे?"

ह्या चार शब्दांनी घात केला. टेस्टरने इकडे तिकडे पाहिलं आणि त्याची नजर खोक्यावर गेली. खोक्याची चिकटपट्टी आधीच फाडलेली होती.

"हे आधी कुणी उघडलं?"

"मीच," आतून ताई म्हणाल्या. "बाईंना बघायचा होता म्हणून काढून दाखवला. परत ठेवला."

"मग संपलं. हातातून आपटला असणार. वरून काही दिसत नाही, आतलं नाजूक असतं."

"आपटला नाही, दादा."

"राउटरला हात लावला होता?"

"पुसते रोज."

"बघा!" टेस्टर बाईंकडे वळून म्हणाला. "मागे एक बारीक बटण असतं. ते फडक्याने दाबलं गेलं की सगळं पुसलं जातं."

तसं काही पुसलं गेलेलं नव्हतं. पुसलं गेलं असतं तर ही तीन नावं कुठून दिसली असती? पण हे विचारणारं तिथे कुणी नव्हतं. ज्या विचारू शकल्या असत्या, त्यांचं तोंड त्याने विनोद करून आधीच बंद केलं होतं.

तेवढ्यात मुलाचा फोन आला, झालं का विचारायला. बाईंनी दोन शब्द बोलून फोन परत टेस्टरच्या हातात दिला. त्या वेळी तो "मला जमत नाहीये" म्हणाला असता तर गोष्ट तिथेच मिटली असती. तो म्हणाला, "साहेब, वस्तू हाताळली गेलीय घरात. मी तरी काय करणार?"

मुलगा कामाच्या गडबडीत होता. गेल्या महिन्यात चष्मा फुटला होता, त्याआधी रक्तदाबाचं यंत्र बिघडलं होतं. ते सगळं त्याने ह्याला जोडून टाकलं. स्पीकरफोन चालू होता. "आई, त्यांना उद्यापासून येऊ नका म्हण. मी दुसरं कुणी बघतो." हे वाक्य खोलीत सगळ्यांनी ऐकलं.

बाई म्हणाल्या, "अगं, हात लावायच्या आधी विचारायचंस तरी."

 ताईंनी गॅस बंद केला. दुपारच्या गोळ्या वाटीत काढून बाईंच्या उशाशी ठेवल्या, पाण्याचा तांब्या भरून ठेवला, पिशवी उचलली आणि चपला घातल्या. टेस्टर बल्ब उतरवत होता. जरा जास्तच वेळ उतरवत होता.

मुलाने फोनवरून ज्या दुकानातून बल्ब मागवला होता, तिथे तो दुसऱ्या दिवशी बदलून घ्यायला गेला. गल्ल्याशेजारी बसणारी मुलगी विशीतली, पण मालकापेक्षा माल तिलाच जास्त कळायचा. दुकानात एक रंगारी ब्रश घेत उभा होता, तो टेस्टरच्या चांगल्या ओळखीचा.

"खराब निघाला," टेस्टरने खोकं सरकवलं. "घरात कुणीतरी आपटला."

मुलीने बल्ब तपासायच्या होल्डरला लावला, तीनदा चालू-बंद केला, स्वतःच्या फोनवर दोन-तीन बोटं मारली. मिनिटभरात बल्ब निळा झाला, मग हिरवा, मग पिवळा.

"काका, हा ठणठणीत आहे. फोन कुठल्या वायफायवर होता?"

"घरच्याच."

"घरच्या म्हणजे? कधी कधी गेस्टचं वेगळं असतं."

 मुलगी आपली नेहमीप्रमाणे समजावू लागली. "गेस्टवाल्यांना राउटर बाहेरच्या खोलीत बसवतो, म्हणा ना. त्यांना इंटरनेट मिळतं, पण घरातलं काही दिसत नाही, एकमेकांनाही बघू देत नाही. तुमचा बल्ब जाऊन बसला असेल त्याच खोलीत, पण फोनने हाक मारली तरी मधे राउटर भिंतीसारखा उभा. म्हणून सापडत नाही. बल्बला साधं लागतं, ५जीसुद्धा नाही."

"म्हणजे पाहुणा कोण ते कळतं म्हणायचं वायफायला," रंगारी सहज म्हणाला आणि हसला.

त्याला काही ठाऊक असायचं कारण नव्हतं. पण टेस्टरचे कान असे तापले की त्याला वाटलं, आपण लाल झालेलो सगळ्या दुकानाला दिसतोय. एकतीस वर्षांत शॉक बरेच बसले होते. हा मात्र पायातून जमिनीत उतरेना, आतच राहिला.

मुलीने बल्ब आपल्या ॲपमधून काढून टाकला. "नाहीतर तुमच्या फोनला तो माझाच वाटेल," म्हणाली, आणि खोकं परत दिलं.

तो तसाच बाईंकडे गेला. शेजारची एक बाई तात्पुरती येऊन बसली होती, तिला काही सापडत नव्हतं आणि बाई वैतागल्या होत्या. टेस्टरने वही मागितली. "कसली वही? ते सगळं तिलाच माहीत," बाई म्हणाल्या. शेवटी स्वयंपाकघरातल्या खणात, औषधांच्या यादीखाली ती मिळाली. सुबक, सरळ रेषेतलं अक्षर. राउटरवरचा लांबलचक पासवर्ड एकेक अक्षर सुटं करून लिहिलेला. खाली: 'घरातल्या वस्तू 'बाई' वर. त्या वेळी फोन पण 'बाई' वर. पाहुणे नको. ५जी नको.'

'नको'खाली रेघ ओढलेली होती.

टेस्टर ती वही हातात धरून ओट्याशी उभा राहिला. त्याला कुणी काही म्हणत नव्हतं. तरी त्याला मान वर करवेना.

मग त्याने फोन 'बाई'वर घेतला. बल्ब मिचकला, गोल फिरलं, आणि पहिल्याच फेरीत उपकरण सापडलं. करडा झालेला स्पीकरही परत उजळला. त्याने दोघांची गाठ घालून दिली, बल्बचं नाव 'दिवा' ठेवलं आणि बाईंना म्हणाला, "बोला."

"दिवा लाव," बाई थरथरत्या आवाजात म्हणाल्या. दिवा लागला. "दिवा बंद कर." बंद झाला. बाईंनी तो पाचदा लावला, पाचदा मालवला. चेहरा लहान मुलासारखा झाला होता.

"शाबास रे! तिने आधी हात लावला नसता तर कालच झालं असतं, नाही?"

टेस्टर म्हणाला, "हं."

बस, एवढंच. जिन्यावरून उतरताना त्याला वाटलं, परत जावं. तो एका पायरीवर थांबला. मग खाली गेला.

तीन दिवस त्याला जेवण गेलं नाही. कामावर विनोद सुचेनात. एका घरी पंख्याचं कनेक्शन त्याने उलटं जोडलं आणि स्वतःच चरकला. चौथ्या दिवशी बायकोने ताटासमोर बसवून विचारलं, "काय झालंय?"

त्याने गोष्ट सांगितली. जमेल तितकी आपल्या बाजूने.

"म्हणजे चूक कुणाची?"

"वायफायची. तीन तीन नावं कशाला ठेवायची?"

"मग जेवण वायफायला जायला नको. तुम्हाला का जात नाही?"

त्याने ताट सरकवलं. बायको पुढे काही बोलली नाही. बोलली असती तर भांडता तरी आलं असतं.

त्याच दुपारी तो पत्ता विचारत ताईंच्या घरी गेला. एक खोली, खिडकीशी शिलाईचं यंत्र. ताई कुणाचातरी झगा उसवत बसल्या होत्या. त्याला पाहून उठल्या, स्टूल पुढे केलं. "या" म्हणाल्या, पण 'दादा' म्हणाल्या नाहीत. ते त्याच्या लगेच लक्षात आलं.

"बाईंच्या सकाळच्या गोळ्या कोण देतं?" त्यांनीच आधी विचारलं. "पांढरी उपाशीपोटी द्यायची असते. शेजारणीला सांगायचं राहिलं."

हे ऐकून त्याने वाटेत जुळवलेली सगळी वाक्यं विसकटली. "ताई, माझं चुकलं," तो म्हणाला. "तुम्ही सांगितलं होतं तेच बरोबर होतं. मी पाहुण्यांच्या वायफायवर घेतलं. बल्बला काही झालं नव्हतं. मला दुसऱ्याच दिवशी कळलं."

"दुसऱ्या दिवशी?"

"हो."

"आज पाचवा."



ताईंनी दोरा तोडला. "मला माफी मागून काय करताय? मी काही केलं नाही, हे मला पहिल्यापासून माहीत होतं. ज्यांना माहीत नाही त्यांना सांगा."

"सांगतो."

"आणि तो विनोद," त्या झग्याकडे बघत म्हणाल्या, "मीसुद्धा हसले होते. त्याचा मला जास्त राग येतो."

टेस्टर तिथून सरळ बाईंकडे गेला. बाईंना फोन लावायला सांगितला, मुलगा पलीकडे आल्यावर स्पीकरफोन चालू केला, आणि मागे हात बांधून उभा राहिला. असं उभं राहायचं त्याने ठरवलं नव्हतं, ते आपोआप झालं.

"साहेब, बल्ब कुणी आपटला नव्हता. राउटरचं बटण कुणी दाबलं नव्हतं. ताईंनी मला आधीच सांगितलं होतं काय करायचं ते. मी ऐकलं नाही. मला येत नव्हतं, आणि येत नाही म्हणायची लाज वाटली, म्हणून त्यांच्यावर ढकललं. काम झालं त्या दिवशी मला हे माहीत होतं. तरी मी बोललो नाही."

 मुलगा म्हणाला, "मीसुद्धा विचारलं नाही त्यांना काही. चष्मा तर आईनेच पाडला होता." आणि जरा थांबून, "मी बोलतो त्यांच्याशी. पण तुम्हाला पुढच्या कामाला बोलवायचं की नाही, ते आई ठरवेल."

फोन बंद झाला. बाई खिडकीबाहेर बघत होत्या. टेस्टरला वाटलं, आता त्या रागावतील. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

"तुला मी वर्गाबाहेर उभं करायचे," बाई म्हणाल्या, "तेव्हा तू चुकायचास म्हणून नाही करायचे. शेजारच्याचं नाव सांगायचास म्हणून करायचे. तुला आठवत नसेल."

त्याला खरंच आठवत नव्हतं. इतकी वर्षं तो ते नद्यांमुळे समजत होता.

"आणि मीही काही कमी नाही," बाई पुढे म्हणाल्या. "तीन वर्षं तिने माझं सगळं केलं. एका बल्बासाठी मी तिला विचारलंसुद्धा नाही. जा आता. मला जरा पडू दे."

मुलाने दोनदा फोन केला तेव्हा ताई परत आल्या, पण पूर्ण दिवस नाही. मधल्या पाच दिवसांत त्यांनी दुपारसाठी दुसरं घर धरलं होतं आणि शब्द दिला होता. तो मोडायला त्या तयार झाल्या नाहीत. म्हणजे बाईंना दुपारी सोबत नाही. दिवा सांगितल्याबरोबर लागतो, पण दुपारी चार वाजता पाठीमागे उशी सरकवून द्यायला कुणी नसतं. हे नुकसान टेस्टरच्या खात्यावर आहे आणि ते भरून येत नाही. तो कधी कधी दुपारी तिकडून जाताना वर चढतो, "काही हवंय का?" विचारतो. बाई बहुधा "काही नको" म्हणतात. कधी उशी मागतात.

दोन महिन्यांनी त्याच घरातला मिक्सर लावायचा भिंतीतला प्लग जळाला. बाईंनी त्यालाच बोलावलं. सकाळची वेळ होती, ताई होत्या. तो ओट्याशी वाकला तेव्हा त्या मागून म्हणाल्या, "तो नाही, खालचा प्लग जळलाय. वरचा मी कालच बघितला."

टेस्टरने खालचा उघडला. आत काळं पडलं होतं.

"हो, हाच," तो म्हणाला. एखादा विनोद ओठांवर आला होता, तो त्याने गिळला. ताईंनी दार अर्धं उघडून उजेड आत येऊ दिला आणि त्या बाईंच्या गोळ्या काढायला गेल्या.